ओढ्यावरची सावली आणि पाण्याचे तापमान: क्षेत्रकार्याआधी संशोधन प्रश्न आणि परिकल्पना कशी घडवावी

पर्यावरणाच्या बहुतेक प्रकल्पांची सुरुवात ज्या वाक्याने होते, ते वाक्य साधारणपणे असे असते: ‘काठावरची झाडे तोडल्याने ओढ्यावर काय परिणाम होतो?’ वाक्य चांगल्या हेतूने लिहिलेले असते आणि त्यामागची काळजीही खरी असते, परंतु ते हातात घेऊन कोणी ओढ्याकाठी गेले, तर पहिल्या तासाभरातच अडते. पाण्याचे कोणते मोजमाप घ्यायचे, ते कोठे घ्यायचे, कशाशी ताडून पाहायचे, आणि कोणता आकडा आला म्हणजे ‘परिणाम होत नाही’ असे मान्य करायचे, यांपैकी एकाही गोष्टीचे उत्तर त्या वाक्यात नाही. मग माणूस जे मोजता येईल ते सगळे मोजतो, महिनाभराने वहीत आकड्यांची रास जमते आणि त्या राशीतून प्रश्न शोधण्याचे उलटे काम सुरू होते. हे टाळण्यासाठी प्रश्नाचे शब्दच असे निवडावे लागतात की त्यांतून उपकरणाची जागा, वेळ आणि संख्या आपोआप ठरेल. हे कसे करायचे, ते याच एका उदाहरणाच्या आधाराने पाहू.

‘परिणाम’ या शब्दाच्या जागी काय ठेवायचे

झाडे गेल्याने ओढ्यात अनेक गोष्टी बदलू शकतात. पाण्यात पडणारा पालापाचोळा कमी होतो, काठाची माती ढासळून गढूळपणा वाढू शकतो, ऊन थेट पाण्यावर पडल्याने शेवाळ वाढते आणि पाणी अधिक तापते. एका प्रकल्पात या सगळ्यांचा शोध घेता येत नाही, आणि घ्यायचा म्हटला तरी प्रत्येकासाठी वेगळी मांडणी लागते. म्हणून आपण तापमान निवडू. निवडीचे कारणही लिहून ठेवावे, कारण पुढे कोणी विचारले तर ‘तापमापी हाताशी होता’ हे उत्तर पुरेसे नसते. इथे कारण भक्कम आहे: पाणी जितके गरम, तितका त्यात कमी ऑक्सिजन विरघळतो. समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहू शकतो, तर ३० अंशांना तोच सुमारे ७.६ मिलिग्रॅमवर येतो. आणि त्याच वेळी पाण्यातल्या कीटकांची व माशांची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते.

तापमान ठरले तरी काम संपत नाही, कारण ‘तापमान’ हाही एकच आकडा नाही. दिवसाची सरासरी, दिवसाचे कमाल, रात्रीचे किमान, कमाल आणि किमान यांतला फरक ही सगळी वेगवेगळी मोजमापे आहेत आणि सावलीचा परिणाम त्या सर्वांवर सारखा होत नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातल्या एच. जे. अँड्र्यूज प्रायोगिक वनात ओढ्याच्या १५० मीटर भागावर मुद्दाम आच्छादन घालून केलेला एक प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आच्छादनामुळे पाण्याचे कमाल तापमान स्पष्टपणे उतरले, परंतु सरासरी आणि किमान तापमानात तसा बदल दिसला नाही. याचा अर्थ असा की त्याच ओढ्यावर, त्याच उपकरणांनी काम करणाऱ्या माणसाने प्रश्नात ‘सरासरी तापमान’ असे लिहिले असते, तर त्याला ‘सावलीने फरक पडत नाही’ असे उत्तर मिळाले असते. एका शब्दाने निष्कर्ष उलटा होऊ शकतो, म्हणूनच तो शब्द क्षेत्रकार्याआधी आणि कारणासह निवडायचा. आपले कारण सूर्यप्रकाशाशी जोडलेले आहे आणि सूर्यप्रकाशाचा जोर दुपारी असतो, म्हणून आपण दिवसाचे कमाल तापमान निवडतो.

आता प्रश्न असा झाला: ‘सावलीतल्या ओढ्याचे दैनिक कमाल तापमान उघड्या ओढ्यापेक्षा कमी असते का?’ हा पहिल्यापेक्षा पुष्कळ बरा आहे, पण त्यात एक गंभीर दोष लपलेला आहे, आणि तो पाण्याच्या वाहतेपणाशी संबंधित आहे. सावलीत ठेवलेला तापमापी जे पाणी मोजतो ते पाणी काही मिनिटांपूर्वी कोठेतरी वरच्या अंगाला होते. वरचा भाग उघडा असेल, तर सावलीत येणारे पाणी आधीच तापलेले असेल. वरचा भाग दाट झाडीचा असेल, तर उघड्यावरचे पाणीही थंड लागेल. एका बिंदूवरचे तापमान हा त्या बिंदूच्या वर असलेल्या साऱ्या प्रवाहाचा इतिहास असतो. त्यामुळे तापमानाऐवजी तापमानातला बदल मोजावा लागतो: एका टप्प्याच्या सुरुवातीला एक तापमापी, शेवटी दुसरा, आणि दोघांच्या दैनिक कमाल तापमानांतला फरक म्हणजे त्या टप्प्यात पाणी किती तापले याचे माप. प्रश्नातला कर्ता ‘ओढ्याचे तापमान’ न राहता ‘टप्प्यातील तापमानवाढ’ झाला, आणि त्याबरोबर उपकरणांची संख्या दुप्पट झाली. ही गोष्ट घरी बसून कळणे आणि महिनाभराच्या नोंदी घेतल्यावर कळणे यांत फार अंतर आहे.

गृहीतक, परिकल्पना आणि भाकीत

मराठीत हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. ज्यावर आपण प्रश्न न विचारता पुढे जातो ते गृहीतक. उदाहरणार्थ, ‘दोन्ही तापमापी सारखेच मोजतात’. जे अजून सिद्ध नाही, पण तपासायचे आहे, ते आपले तात्पुरते स्पष्टीकरण म्हणजे परिकल्पना. आणि परिकल्पना खरी असेल तर आपल्या नोंदींत नेमके काय दिसले पाहिजे, हे आधी सांगणे म्हणजे भाकीत. हा भेद मी आग्रहाने सांगतो, कारण विद्यार्थ्यांच्या प्रस्तावांत परिकल्पनेच्या जागी अनेकदा नुसते भाकीत लिहिलेले असते: ‘सावलीत पाणी थंड असेल.’ यात ‘का’ नाही. ‘का’ नसेल तर नोंदी भाकिताप्रमाणे आल्यावरही आपल्याला एवढेच कळते की सावलीच्या जागा थंड आहेत. सावलीमुळे थंड आहेत की दुसऱ्या कशामुळे, हे कळत नाही.

कारणासह लिहिलेली परिकल्पना अशी होईल: ‘लहान, उथळ ओढ्यात दुपारी पाणी तापण्याचे मुख्य कारण थेट सूर्यप्रकाश हे आहे, झाडांचे छत तो अडवते, म्हणून छताखालच्या टप्प्यात पाणी कमी तापते.’ इथे ‘कमी तापते’ असे लिहिले आहे, ‘थंड होते’ असे लिहिलेले नाही, आणि ही निवड जाणीवपूर्वक केलेली आहे. सावली पाण्यातली उष्णता काढून घेत नाही, ती फक्त नवी उष्णता येऊ देत नाही. तापलेले पाणी सावलीत शिरल्यावर थंड झालेच, तर ते बाष्पीभवनाने, थंड हवेला व जमिनीला उष्णता दिल्याने किंवा जमिनीतून आलेले थंड पाणी मिसळल्याने होते. ‘सावली पाणी थंड करते’ असे लिहिले असते, तर सावलीच्या टप्प्यात तापमान उतरले नाही एवढ्यावरून आपण आपली परिकल्पना चुकीची ठरवली असती, जेव्हा मूळ कल्पना बरोबर असू शकली असती.

भाकिताला आकडा देणे

दिशा सांगणारे भाकीत, म्हणजे ‘कमी’ किंवा ‘जास्त’, हे अर्धेच भाकीत आहे. किती कमी, याचा अंदाज क्षेत्रकार्याआधी काढता आला पाहिजे, आणि आपल्या उदाहरणात तो शाळेतल्या भौतिकशास्त्राने काढता येतो.

समजा ओढा सरासरी २० सेंटिमीटर खोल आहे. म्हणजे पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरखाली सुमारे २०० किलो पाणी आहे. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात, म्हणून २०० किलोंना सुमारे ८४० किलोज्यूल लागतील. स्वच्छ आकाशाच्या दुपारी उघड्या टप्प्यात दर चौरस मीटरला दर सेकंदाला निव्वळ ६०० ज्यूल उष्णता पाण्यात जाते असे धरू. प्रवाहाचा वेग सेकंदाला १० सेंटिमीटर असेल, तर १०० मीटर पार करायला पाण्याला १,००० सेकंद, म्हणजे सुमारे १७ मिनिटे लागतील. तेवढ्या वेळात त्याला ६०० किलोज्यूल मिळतील आणि ते सुमारे ०.७ अंशाने तापेल. दाट छताखाली याच्या पाचव्या भागाइतकी उष्णता पोचते असे धरले, तर तिथली वाढ जेमतेम ०.१४ अंश होईल. म्हणजे शंभर मीटरच्या दोन टप्प्यांतला अपेक्षित फरक ०.६ अंशापेक्षाही थोडा कमी आहे.

हा छोटा हिशेब केल्यावर प्रकल्पाचे स्वरूप बदलते. पाण्यात सोडून ठेवण्याच्या अनेक स्वयंनोंदी तापमापींची अचूकता अर्ध्या अंशापर्यंतच असते, आणि प्रत्येक टप्प्यासाठी आपण दोन तापमापींचा फरक घेणार आहोत, म्हणजे चूक आणखी वाढणार. १०० मीटरच्या टप्प्यांवर हा अभ्यास केला असता, तर खरा परिणामही उपकरणाच्या चुकीत हरवला असता आणि आपण प्रामाणिकपणे चुकीचा निष्कर्ष लिहिला असता. टप्पा ३०० मीटरचा घेतला, तर याच हिशेबाने उघड्या टप्प्यात सुमारे २.१ अंश आणि छताखाली सुमारे ०.४ अंश वाढ अपेक्षित आहे, फरक १.७ अंशांचा होतो आणि तो साध्या उपकरणालाही दिसू शकतो. त्याची किंमतही आहे: ज्यात मध्ये कोठेही दुसरा प्रवाह येऊन मिळत नाही आणि ज्याचे छत सलग एकसारखे आहे असा ३०० मीटरचा टप्पा मिळणे अवघड असते.

हाच हिशेब परिकल्पनेच्या मर्यादाही दाखवतो. पाणी ४० सेंटिमीटर खोल असेल तर तापमानवाढ निम्मी होते, वेग दुप्पट असेल तरीही निम्मी होते. म्हणून आपली परिकल्पना ‘ओढे आणि नद्या’ यांच्याविषयी असूच शकत नाही. ती विशिष्ट खोलीच्या आणि वेगाच्या ओढ्यांविषयी आहे, आणि ती मर्यादा वाक्यातच लिहायला हवी. तसेच, हिशेबात आपण उष्णता परत जाण्याचा विचार फारसा केलेला नाही. पाणी तापत गेले की ते बाष्पीभवनाने आणि उत्सर्जनाने अधिक उष्णता गमावते, म्हणून १.७ अंश ही वरची मर्यादा समजून एक अंशाचा फरक मिळेल अशी तयारी ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

प्रतिस्पर्धी स्पष्टीकरणाला समोर बसवणे

भूवैज्ञानिक टी. सी. चेंबरलिन यांनी १८९० मध्येच असे मांडले होते की संशोधकाने एकाच आवडत्या स्पष्टीकरणावर काम करू नये, तर अनेक संभाव्य स्पष्टीकरणे एकाच वेळी समोर ठेवावीत, म्हणजे एकावर जडलेल्या प्रेमाने नजर आंधळी होत नाही. आपल्या उदाहरणात हा सल्ला अगदी प्रत्यक्ष उपयोगाचा आहे.

दाट झाडी कोठे वाढते? जिथे जमिनीत ओल टिकते तिथे. आणि जिथे ओल टिकते, तिथे भूजल ओढ्यात झिरपत असण्याची शक्यताही जास्त असते. भूजलाचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, त्यामुळे उन्हाच्या दिवसांत ते ओढ्याला थंडावा देते. म्हणजे छताखालचे टप्पे कमी तापत असल्याचे आढळले, तरी त्याचे श्रेय सावलीचे की भूजलाचे, हा प्रश्न उरतोच. ओढ्याचा तळ हाही असाच प्रतिस्पर्धी आहे: अँड्र्यूज वनातल्या त्याच अभ्यासात उघड्या खडकाच्या तळावर पाण्याचे तापमान दिवसभरात मोठ्या प्रमाणात वरखाली झाले, तर वाळू-गोट्यांच्या तळातून पाणी झिरपत वाहते त्या टप्प्यात हा चढउतार पुष्कळ दबलेला होता.

इथे चांगल्या परिकल्पनेची खरी परीक्षा होते: दोन स्पष्टीकरणे जिथे वेगळी भाकिते करतात अशी जागा शोधणे. सावली हे कारण असेल, तर उघडा आणि झाकलेला यांतला फरक निरभ्र दिवशी मोठा असेल आणि दाट ढगाळ दिवशी जवळजवळ नाहीसा होईल, कारण त्या दिवशी अडवायला थेट ऊनच नसते. भूजल हे कारण असेल, तर फरक ढगाळ दिवशीही बऱ्याच अंशी टिकून राहील, कारण झिरपणारे पाणी आकाश पाहून झिरपत नाही. शिवाय रात्री हवा भूजलापेक्षा थंड असेल तेव्हा त्या टप्प्यातले किमान तापमान तुलनेने कमी घसरेल. एवढे कळल्यावर दोन गोष्टी योजनेत येतात. नोंदींचा काळ असा निवडायचा की त्यात निरभ्र आणि ढगाळ असे दोन्ही दिवस येतील, आणि प्रत्येक टप्प्याच्या दोन्ही टोकांना प्रवाहाचे प्रमाण मोजायचे. शेवटी ते सुरुवातीपेक्षा स्पष्टपणे जास्त असेल आणि मध्ये कोणताही प्रवाह मिळत नसेल, तर जमिनीतून पाणी येत आहे. गोट्यांच्या तळातून आत शिरून पुन्हा बाहेर येणारे पाणी मात्र या मोजमापात दिसत नाही, म्हणून एका जोडीतल्या दोन्ही टप्प्यांचा तळ सारखाच असावा, अशी अट निवडीतच घालावी लागते.

माझ्या मते प्रस्तावातला सर्वांत मोलाचा परिच्छेद हाच असतो, आणि बहुतेक प्रस्तावांत तो नसतो.

किती ओढे?

एका ओढ्यावर दर १५ मिनिटांनी नोंद घेणारा तापमापी ३० दिवस ठेवला, तर २,८८० नोंदी मिळतात. हा आकडा पाहून माणसाला वाटते की आपल्याकडे भरपूर पुरावा आहे. पण प्रश्न जर ‘लहान ओढ्यांत’ काय घडते याविषयी असेल, तर पुराव्याची संख्या एक आहे, कारण ओढा एकच आहे. त्या २,८८० नोंदी आपल्याला त्या एका ओढ्याविषयी बारकाईने सांगतात, इतर ओढ्यांविषयी काहीच सांगत नाहीत. स्ट्युअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला ‘आभासी पुनरावृत्ती’ अशा अर्थाचे नाव दिले. त्यांनी पर्यावरणशास्त्रातले १७६ प्रायोगिक अभ्यास तपासले, तेव्हा त्यांतल्या २७ टक्के अभ्यासांत ही चूक होती. आणि ते अभ्यास अनुभवी शास्त्रज्ञांचे होते.

यावर उपाय प्रश्नातच आहे. वाक्यात ज्या वस्तूविषयी विधान केले आहे, ती वस्तू मोजायची. आपले विधान ओढ्यांविषयी आहे, म्हणून प्रत्येक ओढ्यातून एक उघडा आणि एक झाकलेला टप्पा अशी जोडी घ्यायची आणि प्रत्येक ओढ्याकडून शेवटी एकच आकडा घ्यायचा: निरभ्र दिवसांतील दोन टप्प्यांच्या तापमानवाढीतला सरासरी फरक. निम्म्या ओढ्यांत झाकलेला टप्पा वर आणि उघडा खाली, तर उरलेल्यांत उलट, असेही पाहावे, नाहीतर ‘खालचा टप्पा नेहमी रुंद आणि खोल असतो’ ही गोष्ट सावलीच्या परिणामात मिसळून जाईल.

ओढ्यांची संख्या साधारण हिशेबाने काढता येते. हे आकडे ओढ्या-ओढ्यांत किती विखुरलेले असतील, म्हणजे त्यांचे प्रमाण विचलन किती, याचा अंदाज घ्यायचा; त्याला जो लहानात लहान फरक आपल्याला चुकवायचा नाही त्याने भागायचे, येणाऱ्या संख्येचा वर्ग करून त्याला आठाने गुणायचे, आणि नमुना लहान असल्याने दोन मिळवायचे. यामुळे तेवढा फरक खरोखर असल्यास तो पकडला जाण्याची शक्यता सुमारे ८० टक्के राहते. विचलन एक अंश आणि महत्त्वाचा फरकही एक अंश असेल, तर उत्तर दहा ओढे येते. तोच फरक अर्ध्या अंशाचा हवा म्हटले तर संख्या ३४ वर जाते. दहा ओढे मिळत नसतील आणि चारच मिळत असतील, तर प्रश्न बदलावा लागेल, कारण फरक दिसला नाही तर तो नव्हता म्हणून की आपली जाळी मोठ्या भोकांची होती म्हणून, हे सांगता येणार नाही. अशा वेळी ‘या चार ओढ्यांत काय घडले’ असे मर्यादित वर्णन करणारा प्रश्न विचारणे अधिक प्रामाणिक आहे.

पाहणी, आणि मग वाक्य गोठवणे

वाक्य अंतिम करण्याआधी दोन-तीन दिवसांची पाहणी करावी. तिचा हेतू परिकल्पना तपासणे हा नसून आपली गृहीतके तपासणे हा असतो. छत किती दाट आहे हे डेन्सिओमीटरने मोजता येते. त्या गोलाकार आरशावर २४ चौकोन कोरलेले असतात आणि प्रत्येक चौकोनात चार बिंदू कल्पून ९६ पैकी किती बिंदू झाकलेले दिसतात ते चारही दिशांना तोंड करून मोजतात. पाहणीत असे आढळू शकते की जिला आपण उघडी जागा समजत होतो तिथेही ४० टक्के झाकोळ आहे. मग ‘उघडा’ म्हणजे २० टक्क्यांपेक्षा कमी आणि ‘झाकलेला’ म्हणजे ८० टक्क्यांपेक्षा जास्त, अशी व्याख्या आकड्यांत लिहावी आणि मधल्या जागा सोडून द्याव्यात.

सर्व तापमापी एकाच बादलीत एकत्र ठेवून त्यांची वाचने ताडून पाहावीत, शिवाय बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात ते शून्य दाखवतात का तेही पाहावे. उन्हात ठेवलेला तापमापी पाण्याबरोबर स्वतःही तापतो, ही इथली सर्वांत धोकादायक चूक आहे, कारण ती फक्त उघड्या टप्प्यात घडते आणि नेमकी आपल्या परिकल्पनेच्या बाजूने झुकते. भोके पाडलेल्या पांढऱ्या नळीत तापमापी ठेवला तर पाणी खेळते आणि ऊन अडते. अशा नळ्या दोन्ही टप्प्यांत, सर्व तापमापींना लावायच्या. ज्या टप्प्यात भर उन्हाच्या क्षणी तापमान अचानक उडी घेते आणि ढग येताच लगेच पडते, तिथे मोजले जात आहे ते उपकरण, पाणी नव्हे, असे समजावे. एवढे पाणी मिनिटभरात अंशाने वरखाली होत नाही.

पाहणीनंतर प्रश्न बदलला तर त्यात काहीही वावगे नाही. मुख्य नोंदी सुरू झाल्यावर मात्र तो बदलू नये. कमाल तापमानात फरक दिसला नाही म्हणून सरासरी पाहिली, मग किमान, मग फक्त दुपारचे दोन तास, असे करत गेले की कोठे ना कोठे फरक ‘सापडतोच’. निव्वळ योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता प्रत्येक मोजमापात पाच टक्क्यांपर्यंत चालवून घेतली आणि अशी दहा स्वतंत्र मोजमापे पाहिली, तर प्रत्यक्षात काहीही नसताना निदान एक तरी फरक दिसण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. म्हणून वाक्य लिहून, त्याखाली तारीख घालून, ते मार्गदर्शकाकडे किंवा सहकाऱ्याकडे ठेवावे. आपल्या प्रकल्पासाठी ते असे होईल:

‘१५ ते २५ सेंटिमीटर खोल आणि संथ ओढ्यांत, उष्ण ऋतूतील निरभ्र दिवशी, ८० टक्क्यांहून अधिक झाकोळ असलेल्या ३०० मीटरच्या टप्प्यातील दैनिक कमाल तापमानाची वाढ ही त्याच ओढ्यातील २० टक्क्यांहून कमी झाकोळ असलेल्या तेवढ्याच टप्प्यातील वाढीपेक्षा निदान एका अंशाने कमी असते का? परिकल्पना: असते, कारण छत थेट सूर्यप्रकाश अडवते. भाकीत: दहा ओढ्यांत हा सरासरी फरक एक अंश किंवा त्याहून अधिक येईल आणि दाट ढगाळ दिवशी तो निरभ्र दिवसाच्या चौथ्या भागापेक्षा कमी उरेल. शून्य परिकल्पना: दोन प्रकारच्या टप्प्यांतील वाढीत फरक नाही. निरभ्र दिवशी फरक मिळाला नाही, किंवा तो ढगाळ दिवशीही तेवढाच टिकला, तर सूर्यप्रकाशाचे स्पष्टीकरण आम्ही सोडून देऊ.’

शेवटचे वाक्य लिहिताना हात थोडा अडखळतो, आणि तो अडखळणे स्वाभाविक आहे, कारण तिथे आपण स्वतःच्या कल्पनेला हरण्याची वाट मोकळी करून देत असतो. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर समजावे की परिकल्पना अजून तपासण्याजोगी झालेली नाही.

इतके झाल्यावर एक गोष्ट लक्षात येते: आपण ज्या प्रश्नापासून सुरुवात केली, त्याचे उत्तर हा प्रकल्प देत नाही. आज ज्या जागा उघड्या आहेत आणि ज्या झाकलेल्या आहेत त्यांची तुलना करणे, आणि झाडे तोडल्याने काय होते हे पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोडीचा परिणाम पाहायचा तर त्याच ओढ्यावर तोडीच्या आधी आणि नंतर, तसेच न तोडलेल्या शेजारच्या ओढ्यावर त्याच काळात मोजमापे लागतात. ओरेगॉनमधल्याच आल्सी पाणलोट अभ्यासात असे केले होते: १९६६ मध्ये नीडल ब्रँच या ओढ्याकाठची तोड होण्याआधी अनेक वर्षे तिथे नोंदी घेतल्या होत्या आणि फ्लिन क्रीक हा ओढा तुलनेसाठी न तोडता राखला होता. एका ऋतूच्या प्रकल्पात ते शक्य नाही. म्हणून अहवालाच्या शीर्षकात ‘वृक्षतोडीचा परिणाम’ असे न लिहिता ‘छत आणि दुपारची तापमानवाढ’ असे लिहावे लागेल, आणि ते शीर्षक पहिला तापमापी पाण्यात सोडण्याआधीच ठरवावे.